लांब पेनस्टॉकमध्ये हरवलेले बारा मीटर : निव्वळ हेड नक्की कसे काढायचे?

ओहोळकाठ

नमस्कार. सिंधुदुर्गात सह्याद्रीच्या पायथ्याशी आमची सुपारीची बाग आणि काजूप्रक्रियेचे एक छोटे युनिट आहे. बागेच्या वर एक ओहोळ आहे, त्याला जूनपासून जानेवारीपर्यंत पाणी असते. गेल्या वर्षी भावाने आणि मी त्यावर दोन नोझलचे पेल्टन टर्बाइन बसवले. वरच्या टाकीतील पाण्याची पातळी नोझलपेक्षा ६० मीटर उंच आहे, म्हणजे एकूण हेड ६० मीटर. टाकीपासून खालपर्यंत ९०० मीटर लांबीचा पोलादी नळ, म्हणजे पेनस्टॉक आहे, त्याचा आतला व्यास २५० मिलिमीटर आहे. हा नळ आम्ही वापरलेला विकत घेतला होता. शेवटच्या दोन मीटरमध्ये तो १५० मिलिमीटरवर आणून मग दोन नोझलना फोडला आहे.

टर्बाइनमधून पाणी बाहेर पडते त्या चरात, म्हणजे टेलरेसमध्ये, ९० अंशांची व्ही-नॉच बसवून प्रवाह मोजला, तेव्हा नॉचवर ३२ सेंटिमीटर पाणी होते, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० लिटर. एका आलेखावरून घर्षणांक f = 0.0039 घेऊन मी घर्षणाची घट काढली, ती दोन मीटरहूनही कमी आली. त्यामुळे ती वजा जाता उरणारे निव्वळ हेड ५८ मीटर धरले. टर्बाइन, पट्टा आणि जनित्र यांची मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर जवळजवळ ३० किलोवॅट मिळायला हवेत. प्रत्यक्षात मीटर २४.५ च्या वर गेलेला नाही.

त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट जुलैत घडली. पाणी मुबलक होते म्हणून नोझल उघडझाप करणाऱ्या दोन्ही सुया पूर्ण मागे घेतल्या. नॉचवरचे पाणी साडेसदतीस सेंटिमीटरपर्यंत चढले, म्हणजे सुमारे १२० लिटर पाणी जात होते, आणि वीज मात्र २३ किलोवॅटपर्यंत उतरली. दीडपट पाणी घालून वीज कमी कशी होते? माझे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचे आहे, तेव्हा गणित सांगितले तरी चालेल.

ठिबकवाला

आमच्याकडे विहिरीवरून ठिबकसाठी पंप बसवताना घर्षणाचे हेड उंचीमध्ये मिळवतात. ४० मीटर उंची आणि ६ मीटर घर्षण असेल, तर ४६ मीटरचा पंप घेतात. तुम्ही वजा करता आहात, गफलत तिथेच झाली नसेल ना? पंप थोडा मोठा घेतला की आमचा प्रश्न सुटला होता.

ओहोळकाठ

ठिबकवाला, आमच्याकडे पंप नाही. पाणी वरून स्वतःच्या वजनाने खाली येते आणि चाक फिरवते. तुमच्या पंपाला चढण आणि घर्षण या दोहोंची किंमत मोजावी लागते, म्हणून तिथे बेरीज होते. इथे उतरणाऱ्या पाण्याकडे ६० मीटरची पुंजी आहे आणि वाटेत नळ त्यातून आपला हिस्सा काढून घेतो, म्हणून वजाबाकी.

घाटवाट

डोंगरउतारावरून नळ आणताना बरीच वळणे आली असतील. माझ्या अनुभवात दाब खाणारी गोष्ट म्हणजे बेंड. प्रत्येक कोपऱ्यावर पाणी आदळते आणि जोर जातो. ती वळणे काढून मोठ्या त्रिज्येची घाला, फरक पडेल.

मंजिरी_स

ओहोळकाठ, तुमचा ०.००३९ हा आकडा पाहून मला माझ्या पहिल्या नोकरीतील चूक आठवली. मी रसायन अभियंता आहे. आमच्या शाखेतील बऱ्याच पुस्तकांत जो घर्षणांक छापलेला असतो तो फॅनिंगचा असतो, आणि स्थापत्य किंवा जलविद्युतवाले ज्या सूत्रात तो घालतात ते डार्सीचे असते. डार्सीचा अंक फॅनिंगच्या बरोबर चौपट असतो. आलेख दिसायला एकसारखेच असतात, अक्षावर नुसता f लिहिलेला असतो, आणि कोणता f ते तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही.

ओळखण्याची एक सोपी खूण मी तेव्हापासून वापरते. आलेखाच्या डाव्या टोकाला संथ प्रवाहाची सरळ रेषा असते. तिच्यावर 64/Re लिहिले असेल तर आलेख डार्सीचा, 16/Re असेल तर फॅनिंगचा. तुमच्या आलेखावर काय आहे ते कृपया पाहा.

ओहोळकाठ

मंजिरीताई, आत्ताच पाहिले. 16/Re आहे. म्हणजे माझी घट चौपट कमी आली होती. आता ०.०१५५ घालून पुन्हा करतो:

```
V  = 0.080 / 0.0491 = 1.63 m/s
V²/(2g) = 0.135 m
hf = 0.0155 × (900/0.25) × 0.135 = 7.5 m
```

निव्वळ हेड साडेबावन्न मीटर झाले आणि अपेक्षित वीज सुमारे २६.८ किलोवॅट. तरीही मीटरपेक्षा दोन किलोवॅटहून जास्तच.

नळपाणी

मी पाणीपुरवठ्याच्या कामात २२ वर्षे काढली आहेत. आमच्याकडे डार्सीच्या वाटेला फारसे कुणी जात नाही, हेझन-विल्यम्सचे सूत्रच वापरतात. त्यात नळाच्या गुळगुळीतपणाचा अंक C असतो. नव्या पोलादी नळाला C १४० धरला तर तुमच्या प्रवाहाला घट आठ मीटर येते, म्हणजे तुमच्या साडेसातच्या जवळच. पण तुमचा नळ जुना आहे. जुन्या, आतून लेप नसलेल्या पोलादी नळाला आम्ही C १०० धरतो, आणि मग घट १५ मीटर येते. निव्वळ हेड ४५ मीटर, वीज २३ किलोवॅट. माझ्या मते उत्तर इथेच आहे, नळ जुना म्हणून.

पाणचक्की_जुनी

मी जलविद्युत केंद्रांच्या परिचालनातून निवृत्त झालो आहे. धागा वाचून आनंद झाला, कारण प्रश्नकर्त्याने पाणी प्रत्यक्ष मोजले आहे. बहुतेक जण प्रवाह अंदाजाने सांगतात आणि हेडवर वाद घालत बसतात.

नळपाणी यांची दिशा बरोबर आहे, पण जुन्या नळाला १०० हा आकडा योजना आखताना सावधगिरी म्हणून धरतात. पाणीपुरवठ्यात घट जास्त धरली तर नळ थोडा मोठा येतो आणि कुणाचे नुकसान होत नाही. इथे नळ जमिनीत गाडलेला आहे, पाणी वाहते आहे. त्याची आजची घट किती हे सांगण्यासाठी कोणताही अंक धरण्याची गरज नाही, ती मोजता येते. टर्बाइनच्या अलीकडे प्रेशर गेज असेलच. दोन वेळा वाचा. एकदा नोझल पूर्ण बंद असताना, आणि एकदा ८० लिटर वाहत असताना. दहा मीटर पाणी म्हणजे एक किलो दाब. बंद असताना गेज एकूण हेड दाखवील, चालू असताना जे कमी होईल ते नळाने खाल्लेले.

मात्र नोझल बंद करताना घाई करू नका, ही विनंती नव्हे, अट समजा. तुमच्या ९०० मीटर नळात सुमारे ४४ टन पाणी सेकंदाला १.६ मीटर वेगाने चाललेले असते. ते एकदम अडवले तर पोलादी नळात दाबाची लाट उठते आणि ती १८० मीटर हेडच्या आसपास जाऊ शकते, म्हणजे तुमच्या स्थिर दाबाच्या तिप्पट, आणि तीही त्याच्या वर. आधी डिफ्लेक्टर पाडून झोत चाकावरून बाजूला काढा आणि मग सुया दोन-तीन मिनिटे घेऊन सावकाश पुढे आणा.

ओहोळकाठ

काका, धन्यवाद. भावाने काल सकाळी सांगितल्याप्रमाणे केले. टाकी भरून सांडत असताना बंद दाब ६.० किलो. ८० लिटरला ४.७ किलो. नंतर सुया पूर्ण उघडून १२० लिटरला ३.१ किलो. म्हणजे ८० लिटरला १३ मीटर घट? तसे असेल तर निव्वळ हेड ४७ होते. गेज १५० मिलिमीटरच्या तुकड्यावर आहे आणि नोझलच्या मध्यापेक्षा थोडे वर आहे. त्या उंचीची दुरुस्ती करावी लागेल का?

मंजिरी_स

उंचीची काळजी घटीसाठी करू नका. गेज जितके वर असेल तितका दाब दोन्ही वाचनांत सारखाच कमी दिसेल, आणि वजाबाकीत तो निघून जाईल.

पण १५० मिलिमीटरच्या तुकड्याची काळजी करा. गेज फक्त दाब दाखवते, वेग नाही. त्या अरुंद तुकड्यात ८० लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटर होतो आणि त्या वेगाचे हेड एक मीटर भरते. ते हेड हरवलेले नाही, पाण्याबरोबर नोझलमध्येच जाते आहे. म्हणून गेजवरील १३ मीटरपैकी १ मीटर घट नाही. खरी घट १२ मीटर, निव्वळ हेड ४८.

ओहोळकाठ

आणि ४८ मीटरला ९.८१ गुणिले ०.०८ गुणिले ४८ गुणिले ०.६५ म्हणजे बरोबर २४.५ किलोवॅट. मीटरचा आकडा.

पाणचक्की_जुनी

अभिनंदन, पण इतक्या नेमक्या जुळणीने हुरळून जाऊ नका. ६५ टक्के हा आकडा तुम्ही धरलेला आहे, मोजलेला नाही. घट खरोखर १३ असती तर तुम्ही कार्यक्षमता ६६ टक्के म्हणाला असता आणि तीही जुळली असती.

आता घाटवाट यांच्या बेंडांविषयी, कारण ही समजूत मी कामावर असतानाही फार ऐकली आहे. तुमच्या मुख्य नळात वेगाचे हेड अवघे साडेतेरा सेंटिमीटर आहे. एक साधे बेंड त्याचा तिसरा हिस्सा खाते, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. वळणे दहा असली तरी अर्धा मीटर भरत नाही. टाकीतून नळात शिरतानाची घट, झडप, सगळे धरले तरी बारा मीटरमधील साडेअकरा मीटर सरळ नळाच्या भिंतीनेच खाल्लेले आहेत. आखूड नळात बेंड महत्त्वाचे ठरतात. नऊशे मीटरच्या नळात नव्हे. लांबी भागिले व्यास हे गुणोत्तर इथे ३६०० आहे, सारी गोष्ट त्या एका आकड्यात आहे.

घाटवाट

समजले. माझा अनुभव ४० मीटरच्या नळाचा होता, त्यात सात वळणे होती. म्हणून मला तसे वाटले. पण मग साडेअकरा मीटर घट म्हणजे नळ आतून खडबडीत, की कुठेतरी दगड किंवा गाळ अडकला आहे? वापरलेला नळ आहे, एखाद्या सांध्याला वेल्डिंगचा थर आत आलेला असू शकतो.

पाणचक्की_जुनी

हा प्रश्न चांगला आहे, आणि खालच्या एका गेजवरून त्याचे उत्तर देता येत नाही.

हिमशिखर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली काही वर्षे उत्तराखंडात डोंगरी गावांतील लहान जलविद्युत संचांची देखभाल करतो. गंज आणि अडथळा यांत फरक करण्यासाठी आम्ही नळाच्या मधोमध दाब मोजतो. नळाच्या खोलगट भागात गाळ काढण्याची तोटी असते, तिच्यावर गेज लावतो. गंज सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे घटही लांबीच्या प्रमाणात पसरते : अर्ध्या लांबीत अर्धी घट. अडथळा असेल तर घट एका ठिकाणी गोळा झालेली दिसते. तो गेजच्या वरच्या बाजूस असेल तर मधले गेज जवळजवळ सगळी घट दाखवते, खालच्या बाजूस असेल तर फारच थोडी. मग शंका असलेला भाग पुन्हा निम्मा करायचा.

त्याआधी टाकीतील जाळीकडे पाहा. जाळीच्या पुढचे पाणी आणि मागचे पाणी यांच्या पातळीत हातभर फरक असेल तर ती पानांची घट आहे, नळाची नव्हे. आमच्याकडे चीडच्या काड्या येतात, तुमच्याकडे पाने येत असतील. आणि जाळीमागची पातळी नळाच्या तोंडाजवळ उतरली तर नळ हवा ओढतो. तेव्हा गेजचा काटा स्थिर राहत नाही, थरथरतो.

ओहोळकाठ

जाळी साफ आहे, दोन्ही बाजूंच्या पातळीत बोटभर फरक. काटा स्थिर आहे. टाकीपासून ४३० मीटरवर गाळाची तोटी आहे, तिथे गेज लावतो. शनिवारी गावी जातो आहे.

नळपाणी

+१. मधले वाचन मिळाले की आम्हालाही कळवा.

ओहोळकाठ

मोजून आलो. ४३० मीटरवर बंद दाब २.४ किलो, ८० लिटर वाहताना १.८ किलो. म्हणजे ६ मीटर घट. तिथे नळ २५० मिलिमीटरचाच असल्याने वेगाचे हेड नगण्य आहे.

घट सारखी पसरलेली असती तर बारा मीटरमधील ४३० भागिले ९०० इतका हिस्सा, म्हणजे ५.७ मीटर यायला हवा होता. सहा आला. तोटीतून बोट घालून पाहिले तेव्हा आतली भिंत खरखरीत लागली आणि बारीक फोडांसारखे गंजाचे उंचवटे जाणवले.

मंजिरी_स

मग उलट दिशेने घर्षणांक काढता येतो. साडेअकरा मीटर भागिले ३६०० भागिले ०.१३५, म्हणजे सुमारे ०.०२३६. डार्सीच्या आलेखावर एवढ्या अंकासाठी भिंतीचा खडबडीतपणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागतो. नव्या पोलादाला तो अर्ध्या मिलिमीटरचा दहावा भागही धरत नाहीत. गंजलेल्या नळाला अर्धा मिलिमीटर अगदी शोभतो. नळपाणी यांच्या भाषेत हा C ११५ च्या जवळचा नळ आहे, १०० चा नव्हे आणि १४० चाही नव्हे.

नळपाणी

हे मान्य करतो. पण माझा एक आक्षेप राहतो. गेजचा लहानात लहान भाग ०.१ किलो, म्हणजे एक मीटर पाणी. सहा मीटर आणि ५.७ मीटर यांतील फरक त्या गेजला दिसतच नाही. मधल्या भागात एखादा मीटरभराचा अडथळा असला तरी तो या मोजणीत लपेल. ० ते ४ किलोचे मोठ्या तबकडीचे गेज आणा. शिवाय नॉचवर एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर प्रवाह आठ टक्क्यांनी बदलतो आणि घट सोळा टक्क्यांनी. नॉचपासून किती मागे पातळी वाचली?

ओहोळकाठ

नॉचच्या पत्र्याजवळच वाचली होती. तिथे पाणी खाली झुकलेले असते हे आता लक्षात आले. दीड मीटर मागे खुंटी रोवून पुन्हा वाचतो.

पाणचक्की_जुनी

जरूर वाचा. पत्र्याजवळ पातळी कमी दिसते, म्हणजे तुमचा प्रवाह कदाचित ८० पेक्षा थोडा जास्त आहे. तसे निघाले तर नळ आपण समजतो त्याहून कमी गंजलेला आणि टर्बाइन आपण समजतो त्याहून कमी कार्यक्षम ठरेल. गेजवरून काढलेली १२ मीटर घट मात्र जवळजवळ तशीच राहील, आणि निव्वळ हेड ४८ च्या आसपासच राहील. म्हणून मी नेहमी दाबाची मोजणी आधी करायला सांगतो.

आता मूळ धाग्यातील दुसऱ्या कोड्याकडे येतो, कारण ते अजून कुणी सोडवलेले नाही. दीडपट पाण्याला वीज कमी का?

घर्षणाची घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ८० लिटरला १२ मीटर, तर १२० लिटरला दीडाचा वर्ग म्हणजे सव्वादोनपट, २७ मीटर. निव्वळ हेड उरले ३३. तुमच्या गेजने १२० लिटरला ३.१ किलो दाखवले होते. त्यात अरुंद तुकड्यातील वेगाचे सुमारे सव्वादोन मीटर मिळवा, ३३ च येतात. नळ सूत्राप्रमाणेच वागतो आहे.

आता वीज पाहा. ८० लिटर आणि ४८ मीटरला २४.५ किलोवॅट. १०० लिटरला घट पावणेएकोणीस, निव्वळ हेड सव्वाएक्केचाळीस, वीज २६.३. आणि १२० लिटरला, कार्यक्षमता तीच धरली तरी, २५.२. मध्ये कुठेतरी शिखर आहे आणि तुम्ही ते ओलांडून पलीकडे उतरलात. एकूण हेडचा तिसरा हिस्सा घर्षणात जातो तिथे हे शिखर येते. तुमच्या नळासाठी ती २० मीटर घट, म्हणजे १०३ लिटरच्या आसपास. त्यापुढे घातलेले प्रत्येक जास्तीचे लिटर स्वतः जितके आणते त्याहून जास्त इतरांकडून हिरावून घेते.

शिखर फार चपटे आहे हेही पाहा. ८० वरून १०३ लिटरपर्यंत, म्हणजे पाणी जवळजवळ तीस टक्के वाढवून, वीज दोन किलोवॅटनेही वाढत नाही. म्हणून नवा नळ निवडताना घट दहा टक्क्यांच्या आत ठेवतात; तिसरा हिस्सा हे लक्ष्य नव्हे, तो कडा आहे. खोपोलीच्या १९१५ सालच्या केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे घाटमाथ्यावरून ५०० मीटरच्या वर हेड मिळते, तिथे बारा मीटर गेले तर अडीच टक्केही होत नाहीत. तुमच्या साठात ते वीस टक्के आहेत. लांब नळ आणि कमी हेड ही जोडी नेहमी महाग पडते.

ओहोळकाठ

काका, १२० लिटरला हिशेबाने २५.२ यायला हवेत, पण मीटरने २३ दाखवले. हा फरक नॉचचा असेल का?

हिमशिखर

थोडा असेल, पण मला संशय वेगळा आहे. तुमचा संच इलेक्ट्रॉनिक नियंत्रकामुळे ठरावीक फेऱ्यांवरच चालतो ना? पेल्टनच्या बकेटचा वेग झोताच्या वेगाच्या निम्म्याहून किंचित कमी असला की ते उत्तम चालते. झोताचा वेग निव्वळ हेडच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. पट्ट्याच्या पुली निवडताना तुम्ही ५८ मीटर धरले असतील तर खऱ्या ४८ मीटरलाच चाक गरजेपेक्षा जोरात फिरते आहे. ३३ मीटरला झोत आणखी मंद झाला आणि चाक तेवढ्याच वेगाने फिरत राहिले, म्हणजे बकेट पाण्यापासून जवळजवळ पळतेच आहे.

ओहोळकाठ

पुली ५८ मीटर धरूनच काढल्या होत्या.

हिमशिखर

मग टर्बाइनच्या बाजूची पुली वर्गमुळाच्या प्रमाणात बदलून पाहा. ४८ साठी चाकाचा वेग सुमारे नऊ टक्के कमी हवा. म्हणजे जनित्राच्या फेऱ्या त्याच ठेवून टर्बाइनवरची पुली सुमारे दहा टक्के मोठी. हे नळ बदलण्यापेक्षा फार स्वस्त आहे.

पाणचक्की_जुनी

पुलीचे म्हणणे योग्य आहे, पण २३ चे सगळे खापर मी वेगावर फोडणार नाही. १२० लिटर ३३ मीटरला सोडायचे तर झोताची जाडी ४१ मिलिमीटरवरून ५५ च्या पुढे जाते. बकेट ज्या झोतासाठी घडवली त्याहून जाड झोत तिच्या कडांवरून सांडतो. दोन्ही कारणे एकाच वेळी लागू आहेत, आणि कोणाचा वाटा किती हे पुली बदलून पुन्हा मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

घाटवाट

मग नळ बदलावा की नाही? सगळा नळ ३०० चा केला तर?

नळपाणी

घट व्यासाच्या पाचव्या घाताने उतरते. २५० चे ३०० केले तर तेवढ्याच खडबडीतपणाला घट चाळीस टक्क्यांवर येते. पण सगळा नळ बदलण्याची गरज नाही. खालच्या अर्ध्यात दाब जास्त, तिथे पोलाद राहू द्या. वरच्या ४५० मीटरमध्ये स्थिर दाब तीन किलोच्या आतच असेल. तिथे ३१५ बाहेरव्यासाचा, सहा किलो दाबाचा एचडीपीई नळ चालेल. त्याचा आतला व्यास २९० च्या आसपास आणि भिंत गुळगुळीत. वरच्या अर्ध्यातील पावणेसहा मीटर घट पावणेदोन मीटरच्या आत येईल. निव्वळ हेड ५२, आणि त्याच ८० लिटरला दोन किलोवॅट जास्त.

पाणचक्की_जुनी

सहा किलोचा नळ स्थिर दाबाला पुरेल, पण दाबाची लाट वरपर्यंत येते हे विसरू नये. नोझल बंद होण्याचा वेग तुमच्या हातात असेल तरच हा नळ घाला. वरच्या भागात कुठे चढ असेल तर तिथे हवा आत घेणारी झडप हवी, नाहीतर नळ रिकामा होताना आत पोकळी होऊन एचडीपीई चपटा होतो. मी असा चपटा झालेला नळ पाहिला आहे.

मंजिरी_स

खर्च करण्याआधी पाण्याच्या महिन्यांचा विचार करा, असे मला वाटते. जानेवारीत ओहोळाला ३० लिटर उरले तर याच गंजलेल्या नळात घट दोन मीटरहून कमी होते, आणि निव्वळ हेड ५८ च्या वर राहते. म्हणजे कोरड्या महिन्यांत, जेव्हा एकेक किलोवॅट मोलाचा असतो, तेव्हा हा गंज फारसे काही नेत नाही. तो नेतो पावसाळ्यात. ओहोळकाठ, पावसाळ्यात तुम्हाला २४ किलोवॅटच्या वर लागतात का?

ओहोळकाठ

जुलै-ऑगस्टमध्ये नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागतात, तेव्हा काजूचे युनिट आणि शीतखोली दोन्ही चालतात, आणि ओहोळात ६० ते ८० लिटर पाणी असते. म्हणून नळाचा निर्णय मी ऑक्टोबरवर ठेवतो.

त्याआधी तीन गोष्टी करतो. नॉचची पातळी दीड मीटर मागून वाचतो, ० ते ४ किलोचे गेज आणून मधला दाब पुन्हा घेतो, आणि टर्बाइनची पुली दहा टक्के मोठी करून ६०, ८०, १०० आणि १२० लिटरला वीज टिपतो. ही मोजणी सोडली तर सुया आता १०० लिटरच्या खुणेपलीकडे उघडायच्या नाहीत असे भावाला सांगितले आहे, आणि त्याने सुईच्या दांड्यावर तिथे रंगाचा पट्टा मारला आहे.

ठिबकवाला

माझ्या पंपावर बंद आणि चालू दाब घेऊन पाहिला. नळाची घट ६ धरली होती, गेजने ११ दाखवली. माझाही नळ पंधरा वर्षांचा लोखंडी आहे. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

हिमशिखर

वेगळा काढा, पण पंपाचा प्रवाह मोजून मगच काढा. पंपाचे गेज बंद झडपेला एकूण उंची दाखवत नाही, पंपाचा स्वतःचा बंद दाब दाखवते. तुमच्या ११ मध्ये तो मिसळलेला असणार.